कुठला व्हॉल्व्ह बंद करू?

"अरे, टाकी वाहतीये. फोटो पाठवलाय. कुठला वॉल बंद करू?"

गावाकडच्या आईचा किंवा काकांचा असा फोन शहरात राहणाऱ्या अनेकांना ओळखीचा आहे. पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातलं गाव कल्याण-नगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये येतं. जुन्नर-आंबेगावातली कित्येक माणसं मुंबई-ठाण्यात, नवी मुंबईच्या बाजारात किंवा चाकणच्या कारखान्यांत कामाला आहेत. घर बांधताना नळजोडणी कुणी केली हे त्यांना आठवतं, पण कोणता पाइप कुठून कुठे गेला हे आठवत नाही. तो प्लंबर दुसऱ्या गावाला कामावर असतो. मग हाताशी उरतो एक फोटो, तोही उन्हात, घाईत, तिरप्या कोनातून काढलेला.

पिंपरी पेंढारच्या एखाद्या घरावरचा असा एक नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणू. स्लॅबवर विटांच्या ओट्यावर एक हजार लिटरची काळी टाकी आहे. तिच्या एका बाजूने उभा पाइप वर चढून टाकीच्या तोंडाजवळ आत शिरलाय आणि त्या पाइपावर लाल रंगाचं गोल चाक दिसतंय. टाकीच्या तळाजवळून दुसरा, फिक्या पिवळसर रंगाचा पाइप निघालाय, त्यावर निळी दांडी. त्याच्याही खाली पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक छोटा व्हॉल्व्ह आहे, पण त्याच्यापुढे पाइपच नाही, नुसतं टोपण. आणि टाकीच्या खांद्यातून बाहेर आलेल्या एका आखूड नळीतून पाणी स्लॅबवर पडतंय.

इथे हमखास होते ती चूक अशी की, निळी दांडी फिरवायला सोपी, म्हणून तीच बंद केली जाते. तेवढ्याने घरातलं पाणी गेलं आणि टाकी मात्र वाहतच राहिली. कारण निळी दांडी टाकीतून खाली घरात जाणाऱ्या वाटेवर होती. वाहणारी टाकी थांबवायची तर पाणी येण्याची वाट बंद करायला हवी, जाण्याची नव्हे.

ही चूक होते कारण आपण व्हॉल्व्ह मुठीवरून ओळखायला जातो. चाक असलं की हा, दांडी असली की तो. बरेचदा ते जमतंही, पण मूठ हा त्या वस्तूचा सगळ्यात फसवा भाग असतो. ती तुटते, बदलली जाते, चुकीची बसवली जाते, कधी तर नसतेच आणि उघड्या स्पिंडलला पक्कड लावून काम चाललेलं असतं. अनुभवी प्लंबर फोटो बघताना मुठीकडे नंतर बघतो. आधी तो त्या वस्तूची दोन टोकं शोधतो. पाणी कुठून येतंय आणि पुढे कुठे जातंय, एवढंच.

दुसरं टोक उघडं असेल, म्हणजे पाणी हवेत, बादलीत किंवा बेसिनमध्ये पडत असेल, तर तो नळ. त्याला चोच असते आणि चोचीच्या पुढे काही जोडलेलं नसतं. दोन्ही टोकांना पाइप असेल, पाणी एका पाइपातून शिरून दुसऱ्या पाइपात जात असेल, तर तो वाटेवरचा व्हॉल्व्ह. तो गेट असेल, बॉल असेल किंवा आणखी काही. आणि दुसरं टोक टाकीच्या आत, पाण्याच्या वर उघडं असेल, तर तिथे बहुतेक फ्लोट व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गावात त्याला बॉल कॉक म्हणतात. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. मूठ कशी आहे हे त्यानंतर बघायचं.

वरच्या फोटोतली निळी दांडी बॉल व्हॉल्व्हची आहे. त्याच्या पोटात एक गोळा असतो आणि गोळ्याला आरपार भोक. भोक पाइपाच्या रेषेत आलं की पाणी जातं, आडवं झालं की अडतं. त्यामुळे पूर्ण उघडण्या-मिटण्याला फक्त पाव फेरा लागतो. साध्या दोन तोंडांच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये दांडी पाइपाच्या दिशेने असेल तर तो उघडा आणि पाइपाला काटकोनात असेल तर बंद. फोटोवरून उघडा की बंद हे सहज सांगता येईल असा हाच एक व्हॉल्व्ह, आणि तेवढ्यासाठी तरी तो टाकीखालच्या वाटेवर असावा. अंगाने तो ठेंगणा आणि गोलसर असतो, मान जवळजवळ नसते. प्लॅस्टिकच्या बॉल व्हॉल्व्हला बरेचदा लांब दांडीऐवजी आखूड, फुलपाखरासारख्या दोन पाकळ्यांची मूठ असते. लांबून ती चाकासारखी वाटते, पण तिचीही एक दिशा असते.

दोन बाबतींत मात्र सावध राहायला हवं. स्लॅबवरची प्लॅस्टिकची मूठ उन्हाने तडकून निघाली आणि कुणी ती नव्वद अंश चुकवून परत बसवली, तर उघडा व्हॉल्व्ह बंद दिसतो. अशा वेळी मूठ काढून खालच्या स्पिंडलचं टोक बघावं. बऱ्याच बॉल व्हॉल्व्हमध्ये त्यावर एक खाच असते आणि ती खाच आतल्या भोकाची दिशा दाखवते. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. पाइप समोरून न दिसता टोकाकडून दिसत असेल तर आडवी दांडीही सरळ भासते. त्यामुळे फोटो पाइपाच्या बाजूने, पाइप डावीकडून उजवीकडे जाताना दिसेल असा हवा.

लाल चाकाचा तो गेट व्हॉल्व्ह. त्याच्या आत पाचरीसारखी एक पत्ती असते आणि चाक फिरवलं की ती स्क्रूवरून वर-खाली होते. पत्ती वर गेली की वाट मोकळी, खाली बसली की बंद. छोट्या पितळी व्हॉल्व्हला त्यासाठी चार-सहा पूर्ण फेरे लागतात. पत्तीला वर सरकायला जागा हवी, म्हणून या व्हॉल्व्हला उंच मान असते. पाइपाच्या दिशेने अंग आखूड, वर मान, मानेवर ग्लँडचं नट आणि त्यावर चाक, असा त्याचा आकार. गावाच्या पाणीयोजनेत उंच टाकीखाली किंवा रस्त्यालगतच्या चेंबरमध्ये जो मोठा बिडाचा व्हॉल्व्ह असतो, तोही याच कुळातला. वाडीवाडीला पाणी सोडणारा कर्मचारी लांब टी-चावी घालून दहा-पंधरा फेरे फिरवतो, तेव्हा तो अशीच एक पत्ती उचलत असतो.

आता त्रासाची गोष्ट. घरगुती गेट व्हॉल्व्हमध्ये बहुधा चाक जागच्या जागी फिरतं आणि पत्ती आतल्या आत सरकते. बाहेरून काहीच बदलत नाही. त्यामुळे गेट व्हॉल्व्हचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी तो उघडा आहे की बंद हे त्यावरून सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो तो अंदाज करतो. खरं उत्तर फिरवून बघितल्यावरच मिळतं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चाक फिरवा आणि फेरे मोजा. एकही फेरा न फिरता अडलं तर तो आधीच बंद होता किंवा गंजून बसलाय. चार-पाच फेऱ्यांनंतर अडलं तर तो उघडा होता आणि आत्ता बंद झाला.

चाक दिसलं म्हणजे गेटच, असंही नाही. ग्लोब व्हॉल्व्हलाही चाक असतं. त्याच्या आत पत्तीऐवजी वॉशर लावलेली चकती वरून भोकावर दाबली जाते. पाण्याला आत वर-खाली वळसा घ्यावा लागतो, म्हणून त्याचं पोट फुगलेलं आणि गोल असतं. प्रवाह कोणत्या बाजूने यायला हवा हे दाखवणारा बाण त्याच्या अंगावर ओतलेला असतो. उघडताना याचं चाक स्पिंडलसकट वर येतं, त्यामुळे फोटोत आट्यांचा बराच भाग वर दिसत असेल तर तो उघडा असण्याची शक्यता जास्त. बाण आहे पण चाक, दांडी काहीच नाही, अशी वस्तू मोटारीच्या पाइपावर दिसली तर तो पाणी मागे येऊ न देणारा एनआरव्ही. तो हाताने बंद करायचा नसतो.

गेट आणि बॉल यांत कोण चांगलं, हा वाद हार्डवेअरच्या दुकानात रोज होतो. त्यात फार दम नाही, कारण दोघांची दुखणी वेगळी आहेत. विहिरीचं किंवा पावसाळ्यातलं गढूळ पाणी असेल तर गेट व्हॉल्व्हच्या तळाच्या खाचेत वाळू साचते, पत्ती पूर्ण खाली बसत नाही आणि बंद केल्यावरही धार चालू राहते. जड पाण्याच्या भागात महिनोन्‌महिने न हलवलेल्या बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यावर क्षार बसतात आणि दांडी जाम होते. जोर लावला की दांडी मोडते, गोळा तसाच राहतो. अर्धवट उघडा ठेवून धार कमी करणं दोघांनाही मानवत नाही. गेटची पत्ती प्रवाहात थरथरून झिजते आणि बॉलच्या बाजूच्या टेफ्लॉनच्या बैठका घासल्या जातात. धार कमी-जास्त करणं हे नळाचं काम, वाटेवरच्या व्हॉल्व्हचं नव्हे.

टाकी भरून वाहण्यामागचा खरा गुन्हेगार मात्र या फोटोत दिसतच नाही. तो झाकणाखाली आहे. बाहेरून फ्लोट व्हॉल्व्हचा फक्त एक पुरावा मिळतो, तो म्हणजे टाकीच्या वरच्या भागात पाइप शिरतो तिथे टाकीच्या भिंतीला आवळलेलं नट. आतल्या बाजूला असंच दुसरं नट, त्यापुढे छोटं पितळी किंवा प्लॅस्टिकचं तोंड, त्याला जोडलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला पोकळ चेंडू. पाणी चढतं तसा चेंडू वर येतो आणि दांडीचा तरफेसारखा उपयोग होऊन तोंडातला प्लंजर पुढे सरकतो. त्यावरचं वॉशर भोकावर दाबलं गेलं की पाणी थांबतं. हा व्हॉल्व्ह माणसाचा हात न लागता टाकीच्या आत उघडतो-मिटतो, म्हणून बाहेरून बघून त्याच्याबद्दल काही ठरवता येत नाही. दुसरा फोटो झाकण उघडूनच काढावा लागतो.

या दुसऱ्या फोटोत चेंडूकडे नीट बघावं. चेंडू साधारण अर्धा पाण्यावर तरंगताना दिसला तर तो ठीक आहे. पाणी काठोकाठ असूनही चेंडू पूर्ण बुडालेला किंवा जेमतेम डोकं वर काढलेला असेल, तर तो फुटलाय आणि त्यात पाणी शिरलंय. त्याच्या अंगी वॉशर दाबण्याइतका जोर उरलेला नाही. चेंडू छान वर आलाय, दांडीही वर टेकलीय, तरी तोंडातून पाणी येतंय, तर दोष वॉशरचा किंवा भोकात अडकलेल्या कचऱ्याचा. तिसरी शक्यता सगळ्यात स्वस्त. दांडी वाकून चेंडू टाकीच्या भिंतीला किंवा दुसऱ्या पाइपाला अडला असेल, तर दांडी सरळ केली की काम झालं. नीट बसवलेल्या व्हॉल्व्हने पाणी वाहत्या नळीच्या साधारण इंचभर खाली थांबायला हवं. ते थांबत नसेल तर पितळी दांडी चेंडूच्या बाजूने किंचित खाली वाकवतात.

झाकण उघडल्यावर चेंडूच दिसला नाही, तर घाबरायचं कारण नाही. जुन्नर-आंबेगावात बऱ्याच घरांच्या टाक्या विहिरीवरच्या किंवा बोअरच्या मोटारीने भरतात. मोटारीच्या पाइपावर फ्लोट व्हॉल्व्ह बसवला आणि टाकी भरल्यावर तो मिटला, तर चालू मोटार बंद वाटेवर दाब देत राहते. पाइपाचे सांधे सुटतात नाहीतर मोटार तापते. म्हणून अशा टाकीत पाइपाचं तोंड उघडंच असतं आणि फार तर एक काळी वायर आत लोंबत असते. तिच्या टोकाला लांबट प्लॅस्टिकचं भांडं असतं. तो फ्लोट स्विच. पाणी चढलं की तो मोटारीची वीज तोडतो. तिथे टाकी वाहत असेल तर व्हॉल्व्ह शोधण्यात वेळ घालवू नये, आधी मोटार बंद करावी. तो फ्लोट स्विच हाताळण्याआधी वीज खात्रीने बंद हवी, हे तर फोनवरच सांगायला हवं.

बाथरूमचा फोटो त्या मानाने सोपा, पण तिथे गोष्टी भिंतीत लपतात. बादलीवरचा चोचीचा नळ हा बिब कॉक. बेसिनवर उभा असलेला तो पिलर कॉक. बेसिनखाली किंवा कमोडच्या बाजूला भिंतीतून येऊन काटकोनात वळणारी, पुढे लवचिक नळी जोडलेली छोटी वस्तू म्हणजे अँगल कॉक. त्याला नळासारखी मूठ असते, म्हणून लोक त्यालाही नळ समजतात. पण त्याचं दुसरं टोक नळीत जातं, हवेत नाही. त्यामुळे वरच्या नियमाने तो वाटेवरचा व्हॉल्व्ह ठरतो आणि बेसिनचा नळ दुरुस्त करताना तोच बंद करायचा असतो. कमोडच्या फ्लश टाकीत फ्लोट व्हॉल्व्हचंच धाकटं रूप असतं. रात्रभर कमोडमध्ये बारीक धार चालू असेल तर टाकीचं झाकण काढून आधी तिथेच बघावं.

भिंतीवर एक गोल चकती आणि तिच्यातून बाहेर आलेली नुसती मूठ दिसली, तर तो भिंतीत पुरलेला व्हॉल्व्ह. आत काय आहे, हे फोटो कधीच सांगणार नाही. मूठ पाव फेऱ्यात थांबली तर आत बॉल किंवा सिरॅमिक चकत्या आहेत, बरेच फेरे घेतले तर आत वॉशर आहे. हल्ली नळांमध्येही सिरॅमिक चकत्या येतात आणि तेही पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात मिटतात, म्हणून "पाव फेरा म्हणजे बॉल व्हॉल्व्ह" हा जुना ठोकताळा बाथरूममध्ये चालत नाही.

फोटोत अंगावर ओतलेली अक्षरं दिसत असतील तर ती मोठी करून वाचावीत. पितळी गेट, ग्लोब आणि एनआरव्हीसाठीचं भारतीय मानक आयएस ७७८, वॉशरच्या नळांसाठी आयएस ७८१ आणि पितळी फ्लोट व्हॉल्व्हसाठी आयएस १७०३. आयएसआयच्या खुणेवर हा आकडा असतो आणि तो सापडला की मुठीवरचा बराचसा वाद मिटतो. १५, २० आणि २५ हे आकडे मापाचे, म्हणजे आपले अर्धा, पाऊण आणि एक इंच.

आता पिंपरी पेंढारच्या त्या टाकीकडे परत येऊ. घरून तीन फोटो मागवायचे. एक लांबून, टाकी आणि सगळे पाइप एकत्र दिसतील असा. दुसरा लाल चाकाचा, बाजूने, शेजारी हाताचा पंजा धरून म्हणजे आकाराचा अंदाज येतो. तिसरा झाकण उघडून आतला. शिडीवर वयस्कर माणसाला चढवायचं नाही, शेजारच्या पोराला बोलवायचं.

लांबच्या फोटोवरून वाटा लावायच्या. वर चढणारा पाइप टाकीच्या तोंडाजवळ शिरतो, म्हणजे ती येण्याची वाट. तळाजवळचा फिका पिवळसर पाइप सीपीव्हीसीचा, तो घरात उतरतो. त्याची निळी दांडी पाइपाच्या रेषेत आहे, म्हणजे उघडी आहे आणि तशीच राहू द्यायची. सगळ्यात खालचा टोपणवाला पांढरा व्हॉल्व्ह गाळ काढण्याचा. त्याला आज हात लावायचा नाही, तो चुकून उघडला आणि टोपण सैल असलं तर हजार लिटर स्लॅबवर. राहिलं लाल चाक. ते उजवीकडे फिरवायला सांगायचं आणि फेरे मोजायला लावायचे. समजा पाच फेऱ्यांनंतर ते थांबलं, पण टाकीत बारीक धार चालूच आहे. म्हणजे खाचेत वाळू आहे. पक्कड लावून आवळायचं नाही, त्याने पत्ती वाकते किंवा स्पिंडल तुटतं. दोन फेरे उघडून पाणी जोरात जाऊ द्यायचं, वाळू धुतली जाते, मग परत बंद करायचं. दोन-तीनदा असं केलं की बहुतेक वेळा धार थांबते.

तिसऱ्या फोटोत चेंडू पाण्याखाली गेलेला दिसतो. तो आट्यांवर फिरवून काढायचा आणि कानाजवळ हलवायचा. आत पाण्याचा आवाज आला की निदान पक्कं. बाजारात जायला उद्या उजाडणार असेल आणि आज पाणी भरून घ्यायचं असेल, तर टाकी हवी तेवढी भरल्यावर टाकीच्या तोंडावर एक आडवी काठी ठेवून फ्लोटची दांडी तारेने वर बांधून ठेवतात. दांडी वर राहिली की वॉशर दाबलेलं राहतं आणि पाणी थांबतं. हा तात्पुरता उपाय आहे, बांधलेली तार सोडल्याशिवाय टाकी पुन्हा भरणार नाही हे घरात सगळ्यांना सांगावं लागतं.

ओतूरला किंवा आळेफाट्याला नवा भाग आणायला जाताना जुना चेंडू आणि व्हॉल्व्हच्या तोंडाचा फोटो बरोबर न्यावा. "बॉल व्हॉल्व्ह द्या" म्हटलं तर दुकानदार दांडीचाच व्हॉल्व्ह देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. "टाकीतला बॉल कॉक, पाऊण इंची" असं मापासकट सांगावं. फक्त चेंडू फुटला असेल तर पूर्ण संच घ्यायची गरज नसते, त्याच आट्यांचा चेंडू वेगळा मिळतो. पाण्याला जोर किती आहे हेही सांगावं. जास्त दाबाच्या लाइनसाठीच्या फ्लोट व्हॉल्व्हचं भोक बारीक असतं. तो कमी दाबाच्या नळयोजनेवर बसवला तर पाणी सुटण्याच्या वेळेत टाकी अर्धीही भरत नाही. उलट मोठ्या भोकाचा व्हॉल्व्ह जोराच्या लाइनवर लावला तर चेंडूची ताकद कमी पडते आणि टाकी पुन्हा वाहू लागते.

दिवाळीला बहुतेक घरांत शहरातली माणसं गावी येतात आणि चार दिवस राहतात. त्यातला अर्धा तास टाकीसाठी काढा. प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून परत उघडा, म्हणजे तो जाम होणार नाही. कुठला बंद केल्यावर काय थांबतं ते बघा आणि ऑइल पेंटने शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा: 'पाणी येणं', 'घरात', 'गाळ'. गेट व्हॉल्व्हच्या चाकाजवळ त्याचे एकूण फेरेही लिहा. मग लिहिलेली अक्षरं दिसतील असा सगळ्या टाकीचा एक फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.